भावांची बेरीज शंभराच्या पुढे का जाते?

जुलै १९८१. लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेतला तिसरा कसोटी सामना. ऑस्ट्रेलियानं ९ बाद ४०१ वर डाव घोषित केला, इंग्लंड १७४ मध्ये गारद झालं आणि २२७ धावांच्या पिछाडीमुळे त्याच्यावर फॉलोऑनची वेळ आली. त्या अवस्थेत मैदानावरच्या इलेक्ट्रॉनिक धावफलकावर लॅडब्रोक्स या सट्टा कंपनीचे भाव झळकले : ऑस्ट्रेलिया चारास एक, अनिर्णित दोनास पाच आणि इंग्लंड एकास पाचशे. हे भाव काढण्याच्या कामी कंपनीला सल्ला देत होता इंग्लंडचाच माजी यष्टिरक्षक गॉडफ्रे इव्हान्स.

पुढे बोथमनं नाबाद १४९ केल्या, विलिसनं ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंडनं सामना १८ धावांनी जिंकला, हे क्रिकेट पाहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. एकास पाचशेची गोष्टही पुष्कळदा सांगितली जाते. पण उरलेले दोन भाव कुणी आठवत नाही. तिन्ही भाव एकत्र मांडले, की सट्ट्याच्या धंद्याचं सगळं गणित त्यात उघडं पडतं.

आधी प्रत्येक भावाचं शक्यतेत रूपांतर करू. एकास पाचशे म्हणजे एक पौंड लावायचा आणि जिंकल्यास पाचशे पौंड नफा मिळवायचा. शिवाय लावलेला पौंडही परत मिळतो, म्हणजे हातात ५०१ येतात. हा व्यवहार दोन्ही बाजूंना सारखाच परवडायचा असेल, तर इंग्लंडनं ५०१ पैकी एकदा जिंकायला हवं. पाचशे वेळा माझा एकेक पौंड जाईल आणि एकदा पाचशे येतील, फिट्टंफाट. म्हणून भावात दडलेली शक्यता ५०१ मध्ये एक, म्हणजे जेमतेम ०.२ टक्का. ती पाचशेत एक धरली तर इथे फारसा फरक पडत नाही. पण तीच चूक छोट्या भावात फार महाग पडते. एकास एक या भावाचा अर्थ शंभर टक्के नव्हे, दोनांत एक, म्हणजे पन्नास टक्के.

अनिर्णित दोनास पाच, म्हणजे दोन लावले तर नफा पाच आणि हातात एकूण सात. सातांत दोन म्हणजे २८.५७ टक्के. ऑस्ट्रेलियाचा भाव उलट्या बाजूचा : चार लावल्यावर नफा फक्त एक, हातात पाच. पाचांत चार म्हणजे ८० टक्के. कृती तिन्ही ठिकाणी एकच आहे. लावलेली रक्कम भागिले जिंकल्यावर हाती येणारी एकूण रक्कम. आजकाल पडद्यावर भाव दशांशात दिसतात, तेव्हा हे आणखी सोपं होतं, कारण त्या आकड्यात लावलेला पैसा आधीच धरलेला असतो. हेडिंग्लीचे भाव दशांशात १.२५, ३.५० आणि ५०१ असे लिहिले गेले असते. एकाला त्या आकड्यानं भागलं, की झालं.

आता बेरीज करा. ८० अधिक २८.५७ अधिक ०.२० म्हणजे १०८.७७ टक्के.

एका सामन्याचे हे तीन निकाल एकमेकांना वगळणारे आहेत. त्यांच्या खऱ्या शक्यतांची बेरीज शंभराच्या पुढे जाऊच शकत नाही. मग वरचे पावणेनऊ टक्के कुठून आले? कंपनीला सामना कळला नव्हता, असा त्याचा अर्थ नाही. ते पावणेनऊ टक्के म्हणजे तिनं आपल्या मालाला लावलेली किंमत आहे.

हे पटवून घ्यायला, काहीही झालं तरी आपल्याला बरोबर एक हजार पौंड मिळावेत असं ठरवून पैसे लावून पाहू. ऑस्ट्रेलियावर ८०० लावले, की तो जिंकल्यास हजार मिळतात. अनिर्णितवर २८५ पौंड ७१ पेन्स लावले, की तिथूनही हजार. इंग्लंडवर दोन पौंडही पूर्ण लागत नाहीत. सगळं मिळून खिशातून जातात सुमारे १०८७ पौंड ७१ पेन्स, आणि येतात हजार. ऑस्ट्रेलिया जिंको, पाऊस पडो की बोथम पेटून उठो, ८७ पौंड ७१ पेन्स गेलेच. भावांची बेरीज म्हणजे हमखास शंभर मिळवण्यासाठी मोजावी लागणारी किंमत. १०८.७७ ला शंभर विकत घ्यायचे, असा हा सौदा. या बेरजेतल्या शंभरावरच्या भागाला धंद्यात ओव्हरराउंड म्हणतात.

काउंटरच्या पलीकडे बसलेल्या बुकीला हेच गणित उलटं दिसतं. सगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे मिळून त्याच प्रमाणात आले, तर त्याच्या गल्ल्यात १०८.७७ जमतात आणि निकाल कोणताही लागला तरी तो शंभर वाटतो. उरलेले ८.७७ त्याचे. मात्र ते जमलेल्या १०८.७७ मधून सुटतात, म्हणून प्रत्येक शंभर पौंडांच्या उलाढालीवर त्याची कमाई ८.०६ होते. ओव्हरराउंड आणि कमाईची टक्केवारी हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि बोलताना लोक ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

यातली ‘त्याच प्रमाणात’ ही अट फार मोठी आहे. गिऱ्हाईक बुकीच्या सोयीनं पैसे लावत नाही. एका बाजूला गर्दी झाली, की बुकी तिथला भाव कमी करतो आणि दुसरीकडचा वाढवतो, म्हणजे पैसा तिकडे वळावा. तरीही खातं नेहमी जुळतंच असं नाही. म्हणजे शंभरावरचा भाग ही नफ्याची हमी नाही, अंदाज चुकला तर सावरायला ठेवलेली जागा आहे.

बेरीज नेमकी शंभर ठेवली, तर बुकीनं सगळं जमवून सगळंच वाटून टाकलं, पगार आणि भाडं मात्र खिशातून. ती शंभराच्या खाली गेली, तर कुणीही वरच्यासारखे तिन्ही निकालांवर पैसे लावून बिनधोक फायदा काढू शकतो. एका बुकीच्या फळ्यावर असं सहसा दिसत नाही. दोन-तीन बुकींचे सर्वांत चांगले भाव एकत्र केले, तर अधूनमधून दिसतं. पण त्यातला एखादा भाव बहुधा शिळा असतो आणि पैसे लावेपर्यंत बदललेला असतो, किंवा बुकी मोठी रक्कम घ्यायलाच नकार देतो.

मग हा वरचा भाग काढून टाकून खऱ्या शक्यता मिळवता येतील का? सरळ उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याला एकूण बेरजेनं भागणं. तसं केलं तर ऑस्ट्रेलिया ७३.५५, अनिर्णित २६.२७ आणि इंग्लंड ०.१८ टक्के. बेरीज शंभर. वर्तमानपत्रातल्या चर्चेपुरतं हे ठीक आहे. पण यात एक गृहीतक दडलंय, की बुकीनं तिन्ही भावांवर सारख्याच प्रमाणात वाढ चढवली. मला ते मान्य नाही, आणि त्याचं कारण हेडिंग्लीतच सापडतं.

तो एकास पाचशेचा भाव पाहून ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीनं इंग्लंडवर दहा पौंड लावले आणि रॉड मार्शनं पाच. दोघंही त्याच सामन्यात खेळत होते. तेव्हा त्याला मनाई नव्हती. लिलीनं त्या सामन्यात सात बळी घेतले, त्यामुळे त्याच्या प्रयत्नांत कसूर शोधायला जागा नाही. पण लॅडब्रोक्सला त्या पंधरा पौंडांपायी साडेसात हजार पौंड नफा द्यावा लागला. शेकडा ८.०६ च्या हिशेबानं एवढे पैसे भरून काढायचे, तर सुमारे ९३ हजार पौंडांची समतोल उलाढाल हवी. दूरच्या भावातली चूक बुकीला किती महाग पडते, ते इथे दिसतं. शिवाय असा भाव घेणाऱ्याला आपल्यापेक्षा आतली माहिती जास्त असेल, ही भीती वेगळीच. ह्युन सॉन्ग शिन या अर्थतज्ज्ञानं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच भीतीवर आपलं गणित उभं केलं : आतल्या माहितीपासून बचाव म्हणून बुकी दूरचे भाव प्रमाणाबाहेर कमी ठेवतो. दुसरीकडे गिऱ्हाइकालाही थोडक्यात मोठं घबाड हवं असतं, म्हणून कमी भावातही ते खूश असतं. अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींमध्ये दूरच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसा लागतो, असं ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञानं १९४९ मध्येच दाखवलं होतं.

आकड्यांत पाहा. समजा, इंग्लंडची खरी शक्यता हजारात एक होती, ऑस्ट्रेलियाची ७७ टक्के आणि उरलेले २२.९ टक्के अनिर्णितचे. मग ऑस्ट्रेलियावर लावलेल्या पौंडामागे सरासरी ९६ पेन्स परत येतात, अनिर्णितवर ८०, आणि इंग्लंडवर फक्त ५०. फळा एकच, बेरीजही तीच १०८.७७, पण फसवणूक वाटावी असा भाव नेमका सर्वांत आकर्षक दिसणारा. खरी शक्यता हजारात एक होती की दोनशेत, हे एका सामन्यावरून ठरत नाही. तोवर कसोटीत फॉलोऑननंतर विजय एकदाच मिळाला होता, १८९४ मध्ये सिडनीला, तोही इंग्लंडलाच. पुढचा आपल्या लक्ष्मण-द्रविडचा, कोलकात्यात २००१ मध्ये. इतक्या विरळ घटनेची शक्यता दोन-तीन उदाहरणांवरून कुणी छातीठोकपणे सांगू नये.

बेरीज करताना आणखी एक तपासावं लागतं : फळ्यावर सगळे निकाल आहेत का, आणि त्यांतला एकच खरा ठरू शकतो का? हेडिंग्लीच्या त्या तीन भावांत बरोबरी, म्हणजे टाय नव्हता. १९६० मध्ये ब्रिस्बेनला कसोटी टाय झाली होती, म्हणजे तो निकाल अशक्य नव्हता. त्याची शक्यता नगण्य असल्यानं बेरजेत फरक पडत नाही, एवढंच. घोड्यांच्या शर्यतीत मात्र ही तपासणी चुकली तर सगळंच फसतं. महालक्ष्मीला ‘विन’चे भाव घेतले, तर शर्यतीत धावणाऱ्या सगळ्या घोड्यांची बेरीज शंभराच्या थोडी पुढे जायला हवी. पहिल्या तिघांत येण्याचे, म्हणजे ‘प्लेस’चे भाव घेतले, तर एकाच शर्यतीत तीन घोडे बरोबर ठरतात, आणि त्यांची बेरीज तीनशेच्या पुढे जाते. ती पाहून बुकीनं दोनशे टक्के लुबाडलं असं म्हणणं चूक आहे. तिथे मोजमाप शंभरावरून नव्हे, तीनशेवरून सुरू करायचं, आणि ३२५ आली तर वरचे २५ त्या तीनशेशी ताडून पाहायचे.