जीन परतली, पण स्कॉटचं काय?

चंद्रावर लढाई चालू आहे. जीन ग्रेला कळून चुकलंय की अंगात संचारलेली 'फीनिक्स' शक्ती आता तिच्या ताब्यात राहणार नाही. ती प्रियकर स्कॉटचा निरोप घेते आणि एक पुरातन अस्त्र स्वतःवरच चालवून त्याच्या डोळ्यांदेखत राख होते. मार्व्हल कंपनीच्या 'एक्स-मेन' मालिकेचा हा १३७वा अंक १९८० सालचा. पुढच्या अंकात तिचा अंत्यविधी होतो आणि स्कॉट संघ सोडून निघून जातो.

लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांना तिला मारायचं नव्हतं. तिची शक्ती काढून घ्यायची, एवढाच त्यांचा बेत होता. पण आदल्या अंकांत याच फीनिक्सने एक तारा गिळला होता आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव त्यात मेले होते. एवढं करून ती मोकळी सुटते हे मुख्य संपादक जिम शूटर यांना मान्य नव्हतं. शेवट बदलला आणि या पापाचं प्रायश्चित्त म्हणून जीन मेली. तिच्या मरणाला अर्थ होता तो यामुळे.

पाच-सहा वर्षांनी कंपनीला 'एक्स-फॅक्टर' हे नवं मासिक काढायचं होतं. त्यात मूळचे पाचही एक्स-मेन एकत्र आणायचे ठरलं, आणि पाचवी होती जीन. आता शूटर यांची अट अशी की, परत आणायची तर ती त्या संहारापासून निर्दोष हवी. तोड निघाली. चंद्रावर मेली ती जीन नव्हतीच! फीनिक्स शक्तीने तिचं रूप घेतलं होतं आणि खरी जीन न्यूयॉर्कजवळच्या जमैका खाडीच्या तळाशी एका कोशात निपचित पडली होती. १९८६च्या सुरुवातीच्या अंकांत तिला तिथून बाहेर काढण्यात आलं.

पात्रं परत का येतात, याचं उत्तर इथेच आहे. अशा कॉमिक्समधलं पात्र लेखकाचं नसतं, कंपनीचं असतं. लेखक येतात-जातात, मासिक चालूच राहतं, आणि वाचकाच्या ओळखीचा चेहरा कायमचा पुरून टाकणं मालकाला परवडत नाही. मारणंही फायद्याचं आणि उठवणंही. १९९२च्या अखेरीस सुपरमॅन मेला तो अंक विकत घ्यायला लोकांनी दुकानांत गर्दी केली, आणि पुढच्याच वर्षी तो परतला. आपल्याकडे 'क्यों की सास भी कभी बहू थी'मधला मिहिर विरानी मेला तेव्हा प्रेक्षकांनी एवढा गहजब केला की त्याला परत आणावं लागलं. रोज चालणाऱ्या मालिकेत प्रेक्षकांचा राग निर्मात्याला फार काळ अंगावर घेता येत नाही.

पण जीनच्या परतण्याने नेमकं काय बिघडलं? 'आता मरणाची भीती उरली नाही', एवढ्यावर लोक थांबतात. खरं नुकसान झालं ते मागे राहिलेल्यांचं. मधल्या काळात स्कॉटने मॅडलिन प्रायरशी लग्न केलं होतं, त्यांना मुलगा झाला होता. दुःखातून सावरलेला माणूस म्हणून वाचकांनी त्याला स्वीकारलं होतं. जीन जिवंत असल्याचा निरोप येताच हाच स्कॉट बायको आणि तान्हं मूल मागे टाकून निघाला. वर, लग्न झाल्याचं त्याने सुरुवातीला जीनपासूनही लपवलं. हे निस्तरायला पुढच्या लेखकांनी मॅडलिनला जीनची प्रतिकृती ठरवलं, खलनायिका केलं आणि अखेर मारून टाकलं. एकीला उठवायला दुसरीचा बळी गेला.

म्हणजे कथेतल्या मरणाचं वजन मरण्याच्या प्रसंगात नसतं. ते असतं मागच्यांनी नंतर जगलेल्या वर्षांत. पात्र जसंच्या तसं परत आलं की ती वर्षं खोटी पडतात. शिवाय वाचकही शहाणा होतो. पुढचं पात्र मेलं की तो रडत नाही, 'कधी परत येणार?' एवढंच विचारतो.

प्रत्येक परतणं मात्र असं पोकळ नसतं. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी दुसऱ्या महायुद्धात मेला, असं वाचक अनेक दशकं मानत आले होते. २००५ साली लेखक एड ब्रुबेकर यांनी त्याला परत आणलं ते 'विंटर सोल्जर' म्हणून. स्मृती पुसून सोव्हिएत यंत्रणेने त्याच्याकडून वर्षानुवर्षं खून करवून घेतले होते. कॅप्टनला मित्र मिळाला, पण त्याच्या हातून झालेले खून तसेच राहिले. मधला काळ कुणी पुसला नाही, उलट त्याचीच कथा झाली. याउलट स्पायडरमॅनचे अंकल बेन पहिल्याच कथेत मेले आणि मेलेलेच राहिले. ते परतले तर पीटरच्या अपराधी भावनेवर उभी असलेली सगळी मालिकाच कोसळेल, आणि हे कंपनीलाही ठाऊक आहे.

म्हणून मेलेलं पात्र दारात उभं राहिलं की त्याच्याकडे नंतर बघावं. आधी बघावं ते त्याच्यासाठी रडलेल्यांकडे. त्यांचं मधलं आयुष्य लेखकाने हिशेबात धरलं असेल तर ती कथा आहे. नसेल तर ती फक्त पुढच्या अंकाची जाहिरात.