रोवणीच्या गावात रेनकोट कसा विकावा

पावसाळा तोंडावर आला की छत्री-रेनकोटच्या दुकानावर हमखास पाटी लागते: १० टक्के सूट. जरा हिशेब करू. समजा, २२० रुपयांना आणलेला रेनकोट दुकानदार ३०० ला विकतो. नफा ८०. सूट दिली की ३० रुपये गेले, उरले ५०. दहा रेनकोटांवर मिळायचा तेवढाच नफा कमवायला आता सोळा विकावे लागतील. आणि धो-धो पावसात भिजत आलेला माणूस तर सुटीशिवायही घेणारच होता!

सुटीपेक्षा हंगाम ओळखावा. नागभीडचंच घ्या: हा धानाचा तालुका. प्रसिद्ध एचएमटी धान दादाजी खोब्रागडे यांनी याच तालुक्यातल्या नांदेडला शोधलं. इथला खरा हंगाम पहिल्या सरीवर नाही, रोवणीवर ठरतो. पऱ्हे टाकले की साधारण तीन आठवड्यांनी रोवणी लागते. म्हणजे कोणत्या गावात पऱ्हे कधी पडले याची चौकशी ठेवणाऱ्या दुकानदाराला मागणीची तारीख आधीच कळते. त्याहून आधीची संधी मे महिन्यात. तेंदूपत्त्याचे पैसे हाती आले की थोडी रक्कम घेऊन नोंदणी करावी; दुकानदारालाही माल किती भरायचा ते कळतं.

पण माल कोणता? रोवणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात पऱ्ह्यांत गुंतलेले. छत्री तिच्या कामाची नाही. लांब रेनकोटाची कड चिखलात लोळते, पँटचा जोड लुगड्यावर चढत नाही. तिला हवी डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारी, पुढून मोकळी, वाकलं तरी न सरकणारी खोळ. रोवणीला बाया गटाने जातात, म्हणून विक्रीही गटानेच करावी. एका बाईला एक खोळ आठवडाभर वापरायला द्यावी. ती कोरडी राहिली तर बाकीच्या स्वतःहून विचारतील. भिजली, तर तोटा एका खोळीचाच.

रेनकोट गळतो तो बहुधा कापडातून नाही, शिवणीतून. सुईची भोकं आतून पट्टीने बंद केलेली नसली की खांदे ओले होतात. दुकानातच रेनकोट उलटा करून शिवणीच्या खोलगट घडीत तांब्याभर पाणी ओतावं, दहा मिनिटं थांबावं. कुठल्याही पाटीपेक्षा गिऱ्हाईक यावर विश्वास ठेवतं. अर्थात, गळका माल ठेवणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

छत्रीला मात्र दुरुस्तीची हमी द्यावी: हंगामभर काडी मोडली, टाका सुटला तर फुकट, वाऱ्याने फाटलेलं कापड नाही. दहा प्रकारच्या छत्र्या ठेवल्या तर तेवढ्या प्रकारच्या काड्याही ठेवाव्या लागतील, म्हणून प्रकार दोन-तीनच असू द्या. दुरुस्तीला आलेल्यांची वही ठेवा. एकाच प्रकारच्या काड्या वारंवार मोडताना दिसल्या, तर पुढच्या वर्षी तो माल भरू नका.