दोन ऊर्जापातळ्या आणि दहा लाखांतले पाच प्रोटॉन

हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. तो चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्याला ऊर्जेच्या दोनच पातळ्या मोकळ्या असतात. चुंबकत्व क्षेत्राच्या दिशेने असेल तर खालची आणि उलट दिशेने असेल तर वरची. मधली पातळी नाहीच. क्षेत्र जितके जोरकस, तितके या दोन पातळ्यांमधले अंतर मोठे, आणि क्षेत्र काढून घेतले की अंतरही नाहीसे होते. माणसाच्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असे प्रोटॉन ठासून भरलेले आहेत. एमआरआय यंत्राला जो संकेत मिळतो तो त्यांच्याकडूनच.

खालच्या पातळीत ऊर्जा कमी लागते, मग सगळे प्रोटॉन तिथेच का जाऊन बसत नाहीत? कारण ते एकटे नसतात. भोवतालचे रेणू सतत हलत, धडकत असतात आणि त्यांच्याशी ऊर्जेची देवघेव चालू असते. एखादा प्रोटॉन वर चढला, तर त्याला लागलेली ऊर्जा भोवतालातून वजा होते. ऊर्जा घटली की ती आपापसांत वाटून घेण्याचे भोवतालच्या रेणूंपुढचे मार्ग कमी होतात, म्हणून वर चढण्याची शक्यताही घटते. मात्र ती शून्य होत नाही. किती घटते ते तापमानावर अवलंबून असते. बोल्ट्झमनचा स्थिरांक k आणि केल्विनमधले तापमान T यांचा गुणाकार kT हे या हिशेबाचे माप आहे. भोवतालातून kT इतकी ऊर्जा गेली की शक्यता २.७१८ पटींनी कमी होते, 2kT गेली की त्याच्या वर्गाने.

दोन पातळ्यांमधल्या अंतराला ΔE म्हटले आणि खालच्या पातळीची ऊर्जा शून्य धरली, तर खालच्या पातळीचे वजन १ आणि वरच्या पातळीचे वजन e^(−ΔE/kT) येते. ही वजने म्हणजे अजून शक्यता नव्हेत, कारण शक्यतांची बेरीज १ व्हायला हवी. म्हणून दोन्ही वजनांची बेरीज करायची आणि प्रत्येक वजनाला तिने भागायचे. या बेरजेलाच पार्टिशन फंक्शन म्हणतात आणि ते Z या अक्षराने दाखवतात:

Z = 1 + e^(−ΔE/kT)

खालचा वाटा = 1 / Z

वरचा वाटा = e^(−ΔE/kT) / Z

वरवर पाहता Z हा नुसता भाजक वाटतो, पण त्याच्याकडे बघूनही बरेच काही कळते. तापमान अगदी कमी असेल तर दुसरे पद जवळजवळ शून्य होते आणि Z ची किंमत १ च्या जवळ येते. एकच पातळी वापरात आहे, असा त्याचा अर्थ. तापमान खूप असेल तर दुसरे पद १ च्या जवळ जाते आणि Z ची किंमत २ कडे सरकते, म्हणजे दोन्ही पातळ्या सारख्याच वापरात आहेत. एकंदरीत, त्या तापमानाला किती पातळ्या खरोखर हाताशी आहेत याचा अंदाज Z देते. ΔE आणि kT नेमके सारखे असतील तेव्हा Z ची किंमत १.३६८ येते, खालचा वाटा ७३.१ टक्के आणि वरचा २६.९ टक्के. तापमान यापेक्षा कितीही वाढवले तरी वरचा वाटा निम्म्याच्या पुढे जात नाही.

आता आकडे घालून पाहू. रुग्णालयांमध्ये सर्रास दिसणाऱ्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र १.५ टेस्ला असते. या क्षेत्रात प्रोटॉनच्या दोन पातळ्यांमधले अंतर ६३.९ मेगाहर्ट्झ कंपनाच्या रेडिओलहरीशी जुळते. कंपनसंख्येला प्लँकच्या स्थिरांकाने गुणले की ΔE मिळते. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियस, म्हणजे ३१० केल्विन.

ΔE = 4.23 × 10⁻²⁶ J

kT = 4.28 × 10⁻²¹ J

ΔE / kT = 0.0000099

पातळ्यांमधले अंतर kT च्या जेमतेम एक लक्षांश आहे. उष्णतेच्या हालचालीपुढे ही पायरी इतकी बुटकी, की प्रोटॉन तिच्यावर सहज चढतात आणि उतरतात. वरच्या पातळीचे वजन ०.९९९९९०१ येते आणि Z ची किंमत १.९९९९९०१, म्हणजे २ ला टेकलेलीच. भागाकार केला की खालचा वाटा ५०.०००२५ टक्के आणि वरचा ४९.९९९७५ टक्के. वीस लाख प्रोटॉन घेतले तर सुमारे १०,००,००५ खाली आणि ९,९९,९९५ वर. दहा लाखांमागे फक्त पाचांचे आधिक्य!

एवढ्याशा फरकाची दखल घ्यावी लागते, कारण यंत्राला मिळणारा संकेत या फरकातूनच येतो. नेमक्या कंपनाची रेडिओलहर खालच्या प्रोटॉनला वर ढकलते, पण वरच्याला खालीही आणते, आणि या दोन्ही घटनांची शक्यता अगदी सारखी असते. वर आणि खाली सारखेच प्रोटॉन असतील तर जितकी ऊर्जा शोषली जाईल तितकीच परत मिळेल, आणि लहर नमुन्यातून जशीच्या तशी बाहेर पडेल. उरलेल्या ९९.९९९५ टक्के प्रोटॉनांचा परिणाम असा परस्पर कटतो. तरीही एमआरआय शक्य होते ते प्रोटॉनांच्या संख्याबळावर. एक मिलिलिटर पाण्यात सुमारे 6.7 × 10²² प्रोटॉन असतात, म्हणून दहा लाखांत पाच या दराने आधिक्य 3.3 × 10¹⁷ इतके भरते. तारेच्या वेटोळ्यात मोजता येईल एवढा विद्युतदाब त्यातून निर्माण होतो.

फरक वाढवायचा तर सूत्रात दोनच जागा आहेत. तापमान कमी करणे हा एक उपाय, पण १.५ टेस्लाला खालचा वाटा ७३ टक्क्यांवर न्यायचा तर सुमारे ३ मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, उतरावे लागेल. रुग्णाच्या बाबतीत हा विचारच नको. उरतो उपाय क्षेत्र वाढवण्याचा. पायरी kT च्या मानाने इतकी लहान असताना आधिक्य क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढते, म्हणून ३ टेस्लाच्या यंत्रात दहा लाखांमागे पाचाचे दहा होतात.

इथपर्यंतच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे. प्रोटॉन आणि भोवताल यांच्यात समतोल झाला आहे, दोघांचे तापमान एकच आहे. समतोल कोणता हे सूत्र सांगते, तो यायला किती वेळ लागेल हे सांगत नाही. या वेळेने सुरुवातीच्या संशोधकांना चांगलेच छळले. डच शास्त्रज्ञ सी. जे. गोर्टर यांनी १९३६ मध्ये घन पदार्थांतल्या केंद्रकांचा असा अनुनाद शोधण्याचा प्रयत्न केला, पण काही हाती लागले नाही. डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाउंड यांनी पॅराफिन मेण वापरून तोच शोध हाती घेतला. त्यांच्या क्षेत्रात आधिक्य दहा लाखांमागे अडीचच्या आसपास होते. तेही तयार व्हायला तास न् तास लागतील, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून मेण आधी बराच वेळ चुंबकात ठेवले, आणि रेडिओलहर मुद्दाम क्षीण ठेवली. जोरकस लहरीने होते ते आधिक्य पुसले गेले असते. पहिल्या खेपेला काही दिसले नाही. दुसऱ्या खेपेला क्षेत्र जास्तीत जास्त चढवून सावकाश उतरवताना संकेत दिसला. मेणातला समतोल सेकंदाच्या छोट्या अंशात येतो, त्यामुळे इतका वेळ थांबण्याची गरज नव्हती, हे मग स्पष्ट झाले.

जोरकस लहरीमुळे वर आणि खाली सारखेच प्रोटॉन होतात आणि संकेत नाहीसा होतो, या अवस्थेला संपृक्तता म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. लहरीचा जोर वाढवल्यावर संकेत वाढण्याऐवजी उतरू लागतो. जोर कमी करून थोडे थांबले की तो परत येतो. या परतण्याला लागणाऱ्या काळाचे माप T₁ या चिन्हाने दाखवतात. एकदा पुसलेले आधिक्य t इतक्या वेळाने समतोलातल्या किमतीच्या 1 − e^(−t/T₁) इतके भरून येते.

एमआरआयमध्ये हीच अडचण उपयोगी पडते. १.५ टेस्लाला चरबीतल्या प्रोटॉनांचा T₁ पाव सेकंदाच्या आसपास असतो, तर मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचा चार सेकंदांच्या घरात. आधिक्य पुसून टाकणारे स्पंद दर अर्ध्या सेकंदाला दिले, तर दोन स्पंदांमधल्या वेळात चरबीतले आधिक्य ८६ टक्के भरून येते आणि द्रवातले अवघे १२ टक्के. चित्रात चरबी पांढरी दिसते आणि द्रव काळा. बोल्ट्झमनचे सूत्र दोन्हींना जवळपास एकच आकडा देते, दहा लाखांत पाच. प्रतिमेतला हा फरक त्या आकड्यापर्यंत कोण किती लवकर पोचते, यातून येतो.

समतोल नसताना दोन पातळ्यांचे प्रमाण मोजून सूत्रातून उलट तापमान काढले, तर ते शरीराचे किंवा मेणाचे तापमान नसते, फक्त त्या प्रोटॉनांच्या वाटणीचे असते. वर आणि खाली सारखेच असतील तर उत्तर अनंत येते. आणि वर जास्त असतील तर? वर ७३.१ आणि खाली २६.९ टक्के असे आकडे घातले की ΔE/kT ची किंमत −१ येते, म्हणजे T ऋण! हा नुसता कागदावरचा खेळ नाही. पर्सेल आणि पाउंड यांनी १९५१ मध्ये लिथियम फ्लुओराइडच्या स्फटिकावरचे क्षेत्र इतक्या झटकन उलटे केले, की केंद्रकांना त्याच्यामागे वळायला वेळच मिळाला नाही. आधी खालच्या पातळ्यांत असलेली बहुसंख्य केंद्रके त्यामुळे आपोआप वरच्या पातळ्यांत गणली गेली. पातळ्यांना वरची मर्यादा असेल तरच असे होऊ शकते. वायूतल्या रेणूंच्या गतीला अशी मर्यादा नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत ऋण तापमानाला अर्थ नाही.

त्या स्फटिकातल्या लिथियमच्या केंद्रकांना दोनपेक्षा जास्त पातळ्या असतात, हेही इथे सांगायला हवे. नेहमीच्या नायट्रोजनच्या केंद्रकाला तीन असतात. तेव्हाही रीत तीच राहते. प्रत्येक पातळीमागे एक पद, सगळ्यांची बेरीज Z, आणि प्रत्येक पदाला Z ने भागले की त्या पातळीचा वाटा.