अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं, आणि काहीच झालं नाही

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचे तीन तुकडे वेगवेगळे तयार झाले होते. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका मिळून ८ पानं, लेख ६४ आणि जुन्या अहवालांचं परिशिष्ट ४० पानं. तिन्ही पीडीएफ जोडून मी ११२ पानांची एक फाइल केली. अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक लेखाच्या नावावर लिंक होती. एकेका नावावर क्लिक करून पाहिलं, लेख उघडत होता. फाइल कार्यवाहांना पाठवली. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, "अहो, दाबतोय, पण काहीच उघडत नाही!"

माझ्याकडे चालतं आणि त्यांच्याकडे नाही, हे कोडं उलगडायला मला एक संध्याकाळ लागली. मी क्लिक केल्यावर लेख उघडत होता खरा, पण तो नव्या स्मरणिकेतला नव्हताच. संगणकावर पडून असलेली जुनी `lekh.pdf` उघडत होती आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. अनुक्रमणिका वेगळ्या फायलीत होती, त्यामुळे तिच्यातल्या लिंकवर पत्ता लिहिलेला होता तो "दुसऱ्या फायलीत जा" असा. पानं एकत्र आली म्हणून हा पत्ता आपोआप बदलत नाही. कार्यवाहांच्या फोनवर `lekh.pdf` नव्हतीच, मग उघडणार काय?

तेव्हापासून जोडलेली फाइल तपासण्याआधी मी मूळ फायलींच्या फोल्डरचं नाव बदलून ठेवतो. जोडलेली फाइल नुसती दुसरीकडे हलवून भागत नाही, कारण लिंकमध्ये जुन्या फायलीचा पूर्ण पत्ता असेल तर ती तिथूनही तिला बरोबर शोधून काढते.

असं का होतं, हे कळायला पीडीएफच्या पोटात थोडं डोकवावं लागतं. लिंक ही पानाची मालमत्ता आहे. पानाच्या अमुक चौकोनात क्लिक झालं तर तमुक ठिकाणी जा, अशी ती नोंद पानालाच चिकटलेली असते. बुकमार्क, म्हणजे डाव्या बाजूला दिसणारी प्रकरणांची यादी, मात्र कुठल्याच पानावर नसते. ती अख्ख्या दस्तऐवजाच्या मुळाशी, एका स्वतंत्र नोंदवहीत असते. जोडणारा प्रोग्राम नुसती पानं उचलून नव्या फायलीत ठेवत असेल तर नोंदवही मागेच राहते. म्हणून जोडणीनंतर पुष्कळदा लिंकांचे चौकोन शाबूत दिसतात आणि बुकमार्कची यादी रिकामी असते, किंवा तिच्यात पहिल्याच फायलीची प्रकरणं दिसतात.

लिंकांचेही दोन प्रकार आहेत. एक थेट पानाकडे बोट दाखवतो. दुसरा फक्त नाव सांगतो, आणि ते नाव म्हणजे कुठलं पान हे त्याच नोंदवहीत पाहावं लागतं. नोंदवही मागे राहिली तर या दुसऱ्या प्रकारच्या लिंकवर क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. याहून फसवा प्रकार मी एका मैत्रिणीच्या प्रबंधात पाहिला. तिने प्रत्येक प्रकरण लाटेकमध्ये स्वतंत्र लेख म्हणून केलं होतं. लाटेकचं `hyperref` पॅकेज पहिल्या विभागाला आपणहून `section.1` असं नाव देतं. पाच प्रकरणं, म्हणून `section.1` सुद्धा पाच. जोडल्यावर तिसऱ्या प्रकरणातली लिंक बिनदिक्कत पहिल्या प्रकरणात नेऊन सोडत होती. काही प्रोग्राम जोडताना नावं बदलून हा घोळ टाळतात, काही टाळत नाहीत. त्यामुळे पहिल्या भागातल्या लिंका तपासून समाधान मानू नये. त्या बरोबरच चालतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातल्या दोन-चार लिंका दाबून बघाव्यात. तिने शेवटी सगळी प्रकरणं एका मुख्य फायलीत `\include` करून प्रबंध नव्याने काढला.

स्मरणिकेतल्या अनुक्रमणिकेलाही तोच उपाय केला. आमचा मजकूर लिबरऑफिसमध्ये होता. त्यात मास्टर डॉक्युमेंट नावाची सोय आहे. वेगवेगळ्या फायली तिच्यात क्रमाने जोडायच्या, अनुक्रमणिका तिथेच तयार करायची आणि एकदाच पीडीएफ काढायची. मग "दुसऱ्या फायलीत जा" हा पत्ता मुळात जन्मालाच येत नाही. मूळ मजकूर हाताशी नसेल तर ॲक्रोबॅट प्रोसारख्या विकतच्या साधनात एकेक लिंक पुसून नव्याने आखावी लागते. चाळीस नावांच्या अनुक्रमणिकेसाठी हे काम किती कंटाळवाणं आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. आणि पीडीएफ काढताना "प्रिंट" करून काढू नये. छपाईच्या वाटेने गेलेल्या फायलीत लिंका आणि बुकमार्क दोन्ही उरत नाहीत.

परिशिष्ट मात्र स्कॅन केलेलं, त्यामुळे ते पीडीएफ म्हणूनच मागे जोडणं भाग होतं. इथे प्रश्न फक्त बुकमार्कचा उरला. पीडीएफसॅम बेसिक या मोफत प्रोग्राममध्ये जोडतानाच विचारलं जातं, की जुने बुकमार्क ठेवायचे, टाकायचे, की प्रत्येक फायलीच्या नावाचा एक बुकमार्क करून बाकीचे त्याच्या पोटात घालायचे. बहुतेकांचं काम यातच भागेल. मला अहवालांची वर्षंही यादीत हवी होती, म्हणून मी `pdftk` वापरलं. ते आधी फायलीतली यादी साध्या मजकुरात काढून देतं:

```
pdftk ank.pdf dump_data_utf8 output khuna.txt
```

या मजकुरात हव्या त्या नोंदी घालायच्या. पान क्रमांक फायलीच्या पहिल्या पानापासून मोजायचा, छापलेला नव्हे. लेख ८ पानांनंतर, म्हणजे ९व्या पानावर सुरू होतात आणि परिशिष्ट ८ अधिक ६४, म्हणजे ७२ पानांनंतर:

```
BookmarkBegin
BookmarkTitle: परिशिष्ट
BookmarkLevel: 1
BookmarkPageNumber: 73
```

पोटनोंदीला `BookmarkLevel: 2` द्यायचं. मग मजकूर परत फायलीत भरायचा:

```
pdftk ank.pdf update_info_utf8 khuna.txt output ank2.pdf
```

दोन्ही आज्ञांमधलं `utf8` विसरू नये. ते नसेल तर देवनागरीचा चुथडा होतो. काही फोनवरचे वाचक-प्रोग्राम बुकमार्कची यादी दाखवतच नाहीत. तेव्हा फोनवर यादी दिसली नाही, तर फाइलला दोष देण्याआधी ती संगणकावर उघडून पाहावी.

सगळं जमल्यावर, नेहमीप्रमाणे, छपाईच्या आदल्या दिवशी दोन पानी जाहिरात आली. ती ८व्या पानानंतर घालायची होती. मी धास्तावलो, पण तयार फाइलीतच ही पानं घुसवली तेव्हा लिंका आणि बुकमार्क दोन्ही जागेवर राहिले. `khuna.txt` मध्ये आपण आकडा लिहितो, पण फायलीत गेल्यावर बुकमार्क त्या पानालाच बांधला जातो. पान ७५वं झालं तरी गाठ सुटत नाही. जोडणी पहिल्यापासून पुन्हा केली असती, तर `khuna.txt` मधले पुढचे सगळे आकडे दोनाने वाढवावे लागले असते. अनुक्रमणिकेत छापलेला ७३ मात्र तसाच राहिला होता. तो हाताने बदलला.