चिठ्ठीवरचा 'एन-६' म्हणजे काय?

नांदेड-लातूरकडच्या नेत्रतपासणी शिबिरांत चिठ्ठीवर जवळच्या नजरेपुढे लिहिलेला 'एन-६' हा चष्म्याचा नंबर नव्हे, तो वाचता आलेल्या सर्वांत बारीक अक्षराचा आकार आहे: ६ पॉइंट. एका इंचात ७२ पॉइंट. आकडा लहान, तितकी नजर चांगली. वर्तमानपत्राचा मजकूर साधारण एन-८ असतो, पण जेमतेम एन-८ दिसणारा माणूस अग्रलेख वाचताना थकतो.

अंतराशिवाय ही नोंद अपुरीच. कार्ड ६० सेंमी लांब धरून एन-१२ वाचणाऱ्याला ३० सेंमीवर तेच धूसर दिसत असेल, तर चाळिशी लागली असावी. म्हणून नोंद अशी हवी: 'उजवा डोळा, चष्म्यासह, एन-६, ३५ सेंमी'. चिठ्ठीवर अंतर नसेल तर लिहून मागा.