जीवितावधी विश्लेषणाच्या निष्कर्षांचे निवेदन

जीवितावधी विश्लेषणाच्या निष्कर्षांचे निवेदन : रुग्णांच्या निरीक्षणास प्रारंभ झाल्यापासून मृत्यू, रोगाचा पुनरुद्भव यांसारखी एखादी निश्चित घटना घडेपर्यंत किती काळ लोटतो, याच्या सांख्यिकीय अभ्यासास जीवितावधी विश्लेषण म्हणतात. वैद्यकीय संशोधन-निबंधात त्याचे निष्कर्ष मुख्यत्वे दोन संख्यांनी सांगितले जातात. पहिली मध्यक जीवितावधी व दुसरी जोखीमदरांचे गुणोत्तर होय. दुसरीस व्यवहारात हॅझर्ड रेशो असे म्हणतात. या दोन संख्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. त्यांपैकी एकच दिली, किंवा एकीचा अर्थ दुसरीवर लादला, तर निबंध वाचून उपचार ठरविणाऱ्या वैद्याची दिशाभूल होते.

या विश्लेषणाची मुख्य अडचण अशी की, अभ्यास संपतो तेव्हा सर्वच रुग्णांच्या बाबतीत घटना घडलेली नसते. काहींचे निरीक्षण मध्येच थांबते. अशा रुग्णाविषयी ‘किमान इतके आठवडे घटना घडली नव्हती’ एवढेच म्हणता येते. अशा निरीक्षणास खंडित निरीक्षण म्हणतात व ते संख्येपुढे + हे चिन्ह मांडून दर्शवितात. खंडित निरीक्षणांतील माहिती वाया न घालविता जीवितावधी काढण्याची रीत एडवर्ड कॅप्लान व पॉल मायर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली, तर दोन गटांच्या जोखीमदरांची तुलना करण्याचे प्रतिमान डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये मांडले.

उदाहरण : कॉक्स यांनी आपल्या निबंधात वापरलेली आधारसामग्री आजही अध्यापनात वापरली जाते. ती एमिल फ्रायराइख व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत केलेल्या आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतील आहे. तीव्र श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा एक कर्करोग) झालेल्या ज्या रुग्णांचा रोग स्टेरॉइडांच्या उपचाराने उपशम पावला होता, त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास ६–मर्कॅप्टोप्युरीन हे औषध व दुसऱ्यास प्लासीबो, म्हणजे औषधी गुण नसलेली सारखीच गोळी, यदृच्छया देण्यात आली. दोन्ही गटांत प्रत्येकी २१ रुग्ण होते. मोजलेली घटना मृत्यू नसून रोगाचा पुनरुद्भव ही होती. म्हणून येथे ‘जीवितावधी’ याचा अर्थ उपशम टिकून राहिलेला काळ असा घ्यावयाचा. कोणती घटना मोजली व काळ कोणत्या दिवसापासून मोजला, हे निबंधात प्रथमच स्पष्ट सांगणे आवश्यक असते, ते याच कारणासाठी.

औषध घेतलेल्या गटातील अवधी आठवड्यांत असे होते : ६, ६, ६, ६+, ७, ९+, १०, १०+, ११+, १३, १६, १७+, १९+, २०+, २२, २३, २५+, ३२+, ३२+, ३४+, ३५+. म्हणजे ९ रुग्णांत पुनरुद्भव झाला व १२ निरीक्षणे खंडित राहिली. प्लासीबो गटातील अवधी १, १, २, २, ३, ४, ४, ५, ५, ८, ८, ८, ८, ११, ११, १२, १२, १५, १७, २२ व २३ असे होते. या गटातील सर्वच रुग्णांत रोग उलटला.

मध्यक जीवितावधी : ज्या क्षणी घटना न घडलेल्यांचे अंदाजित प्रमाण प्रथमच निम्म्यावर किंवा त्याखाली येते, तो काळ म्हणजे मध्यक जीवितावधी होय. प्लासीबो गटात खंडित निरीक्षण नसल्याने ती सरळ काढता येते. २१ अवधी क्रमाने मांडले असता अकरावा ८ आठवड्यांचा आहे, म्हणून मध्यक ८ आठवडे. औषध गटात मात्र असे करता येत नाही. तेथे + ही चिन्हे दुर्लक्षून अकरावी संख्या घेतली, तर १६ हे उत्तर येते. पुनरुद्भव झालेल्या नऊच रुग्णांचा विचार केला, तर १० येते. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्या रीतीत निरीक्षण थांबले त्याच क्षणी रोग उलटला असे गृहीत धरले जाते, तर दुसरीत ज्यांना औषधाचा अधिक काळ लाभ झाला तेच बहुतांशी वगळले जातात.

कॅप्लान–मायर रीतीत पायरीपायरीने गुणाकार केला जातो. सहाव्या आठवड्यात २१ रुग्ण जोखमीत होते. त्यांपैकी तिघांचा रोग उलटला, म्हणून उपशम टिकलेल्यांचे प्रमाण १८/२१ म्हणजे ०·८५७ झाले. त्याच आठवड्यात एकाचे निरीक्षण थांबल्याने सातव्या आठवड्यात जोखमीत १७ रुग्ण उरले. त्यांपैकी एकाचा रोग उलटला, म्हणून ०·८५७ ला १६/१७ ने गुणावे. उत्तर ०·८०७ येते. निरीक्षण थांबलेला रुग्ण पुढील छेदातून वगळला जातो, परंतु तोपर्यंतच्या छेदांत त्याची गणना झालेली असते. याप्रमाणे पुढे गेल्यास बाविसाव्या आठवड्यात प्रमाण ०·५३८ व तेविसाव्यात ०·४४८ होते. निम्म्याची मर्यादा तेविसाव्या आठवड्यात ओलांडली गेली, म्हणून मध्यक २३ आठवडे होय.

या मध्यकासोबत त्याचा ९५ टक्के विश्वास अंतरालही द्यावा लागतो. प्लासीबो गटात तो ४ ते १२ आठवडे असा आहे. औषध गटात त्याची खालची सीमा १६ आठवडे असून वरची सीमा काढताच येत नाही. कारण तेविसाव्या आठवड्यानंतर केवळ पाच रुग्ण निरीक्षणाखाली होते. अशा वेळी ‘वरची सीमा गाठली गेली नाही’ असे लिहावे. त्याचप्रमाणे ज्या गटात प्रमाण निम्म्याखाली उतरतच नाही, तेथे मध्यकच ‘गाठला गेला नाही’ असे नोंदवून एखाद्या ठरावीक काळाचे प्रमाण द्यावे. मध्यकाच्या जागी निरीक्षणाचा कालावधी घालू नये. आलेखाचा उजवीकडील सपाट भाग रोग बरा झाल्याचा पुरावा समजू नये. तो अनेकदा चार-पाच रुग्णांवरच आधारलेला असतो. म्हणून आलेखाखाली ठरावीक अंतरांवर जोखमीत उरलेल्यांच्या संख्या छापण्याची पद्धत आहे.

जोखीमदरांचे गुणोत्तर : एखाद्या क्षणापर्यंत घटना न घडलेल्यांपैकी किती जणांत ती लगेच पुढे घडते, या वेगास जोखीमदर म्हणतात. एका गटाच्या या दरास दुसऱ्या गटाच्या दराने भागले असता गुणोत्तर मिळते. वरील सामग्रीवर कॉक्स प्रतिमान लावले असता (जोड्यांची रचना बाजूस ठेवून) प्लासीबोच्या तुलनेत औषधाचे गुणोत्तर ०·२१ व त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल ०·०९ ते ०·४७ असा येतो. एकाच आठवड्यात अनेकांचा रोग उलटल्यामुळे अशा समान अवधींची गणना कोणत्या रीतीने केली, यावर दुसरे दशांशस्थळ थोडे बदलते. ०·२२ हे उत्तरही त्यामुळेच आढळते. तुलनेचा आधारगट नेहमी सांगावा, कारण औषध गट आधार मानल्यास हीच गोष्ट ४·८ या संख्येने व्यक्त होते.

०·२१ याचा अर्थ असा की, कोणत्याही आठवड्यात ज्यांचा उपशम टिकून आहे त्यांच्यात औषध घेणाऱ्यांचा रोग उलटण्याचा दर इतरांच्या सुमारे एक-पंचमांश होता. औषधामुळे उपशम पाचपट टिकतो, असा त्याचा अर्थ नव्हे. मध्यकांचे गुणोत्तर २३ भागिले ८ म्हणजे सुमारे २·९ एवढेच आहे. जोखीमदर दोन्ही गटांत काळानुसार स्थिर असेल तरच ही दोन गुणोत्तरे एकमेकांची व्यस्ते होतात. ७९ टक्के रुग्ण रोगापासून वाचले, असाही त्याचा अर्थ नाही. रुग्णास समजेल असे निरपेक्ष उत्तर आलेखावरूनच मिळते : दहाव्या आठवड्याअखेर औषध गटात सुमारे ७५ टक्के व प्लासीबो गटात ३८ टक्के रुग्णांचा उपशम टिकून होता.

समप्रमाणतेचे गृहीतक : एकच गुणोत्तर संपूर्ण काळास लागू पडते, हे कॉक्स प्रतिमानाचे गृहीतक आहे. जीवितावधीचे आलेख एकमेकांना छेदत असतील, तर ते ढळल्याची शंका घ्यावी. शोनफेल्ड अवशेषांचा काळाशी संबंध तपासूनही त्याची परीक्षा करता येते. हे गृहीतक ढळल्यास काय होते, हे पूर्व आशियातील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १,२१७ रुग्णांवरील ‘आयपास’ या चाचणीत दिसून आले. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत जेफिटिनिब या औषधाची दोन औषधांच्या प्रचलित रसायनोपचाराशी तुलना केली होती. रोग न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक अनुक्रमे ५·७ व ५·८ महिने, म्हणजे जवळजवळ सारखाच होता. गुणोत्तर मात्र ०·७४ (अंतराल ०·६५ ते ०·८५) असे जेफिटिनिबच्या बाजूचे होते, आणि बारा महिन्यांअखेर रोग न वाढलेल्यांचे प्रमाण २४·९ व ६·७ टक्के होते. प्रारंभी रसायनोपचार सरस होता व पुढे आलेख एकमेकांना छेदून गेले. केवळ मध्यक पाहणाऱ्यास दोन्ही उपचार सारखे वाटले असते, तर केवळ गुणोत्तर पाहणाऱ्यास जेफिटिनिब सर्वांनाच हितकारक वाटले असते.

याचे कारण रुग्णांच्या गाठींतील भेदात होते. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात उत्परिवर्तन होते, त्यांच्यात गुणोत्तर ०·४८ आले. ज्यांच्यात ते नव्हते, त्यांच्यात २·८५ आले, म्हणजे जेफिटिनिबने त्यांचा रोग अधिक वेगाने वाढला. ०·७४ ही संख्या या दोन परस्परविरुद्ध परिणामांची मिश्र सरासरी होती व ती दोहोंपैकी कोणत्याही रुग्णास लागू नव्हती. आलेख असे छेदले जातात तेव्हा एका गुणोत्तरावर विसंबून न राहता ठरावीक काळांची प्रमाणे, तसेच ठरावीक काळापर्यंतचा सरासरी घटनाविरहित अवधी द्यावा.

निवेदनाचा नमुना : पहिल्या उदाहरणातील निष्कर्ष पुढीलप्रमाणे लिहिता येईल. ‘औषध गटात २१ पैकी ९ व प्लासीबो गटात २१ पैकी २१ रुग्णांत रोगाचा पुनरुद्भव झाला. उपशमाचा मध्यक कालावधी अनुक्रमे २३ आठवडे (९५ टक्के विश्वास अंतराल १६ ते न गाठलेली सीमा) व ८ आठवडे (४ ते १२) होता. प्लासीबोच्या तुलनेत औषधाचे जोखीमदर-गुणोत्तर ०·२१ (०·०९ ते ०·४७) आहे.’ यासोबत कॅप्लान–मायर आलेख, जोखमीतील रुग्णांच्या संख्या, निरीक्षणाचा कालावधी व समप्रमाणतेच्या तपासणीचा निष्कर्ष दिला म्हणजे वाचकास स्वतः पडताळा घेता येतो. ‘फरक सार्थ आढळला’ एवढेच विधान केल्यास परिणाम केवढा, कोणत्या काळात व किती अनिश्चित, यांपैकी काहीच कळत नाही.