क्रिप्टो खात्याचा उतारा वाचताना

क्रिप्टो एक्स्चेंजवर पन्नास हजार भरले, दोन महिन्यांनी एकतीस हजार बँकेत परत आले, म्हणजे एकोणीस हजार बुडाले, असा हिशेब अनेकजण करतात. बँकेचे पासबुक एवढेच सांगते. पण मधल्या काळात त्या पैशांचे काय झाले ते एक्स्चेंजच्या व्यवहारनोंदीत असते, आणि ती नोंद पासबुकासारखी एकाच रकान्यात वरून खाली वाचली तर हमखास गोंधळ होतो. कारण त्या एका यादीत दोन वेगळे हिशेब मिसळलेले असतात. एक रुपयांचा, दुसरा कॉइनचा. दोन्ही वेगळे काढले आणि प्रत्येकाचा ताळा स्वतंत्रपणे जुळवला, की बहुतेक कोडी तिथेच सुटतात.

एक लहानसा उतारा घेऊन हे पाहू. आकडे मी हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत आणि फीचे दर प्रत्येक एक्स्चेंजचे वेगवेगळे असतात, पण नोंदींची रचना अशीच असते.

पहिली ओळ रुपये जमा झाल्याची, फेब्रुवारी २०२५ मधली, ५०,००० रुपये. इथे फार पाहण्यासारखे काही नसते. बँकेतून गेलेली रक्कम आणि खात्यात दिसणारी रक्कम एकच आहे ना, आणि दोन्हीकडचा यूटीआर क्रमांक जुळतो ना, एवढे बघायचे.

दुसरी ओळ खरेदीची. ५० लाखांच्या भावाने ०.००९ बिटकॉइन घेतला, किंमत झाली ४५,००० रुपये. त्यावर अर्धा टक्का ट्रेडिंग फी, म्हणजे २२५ रुपये, आणि फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४० रुपये ५० पैसे. रुपयांच्या हिशेबातून ४५,२६५.५० गेले आणि ४,७३४.५० उरले. कॉइनच्या हिशेबात ०.००९ जमा झाले. काही एक्स्चेंज ही फी रुपयांत न घेता विकत घेतलेल्या कॉइनमधूनच कापतात. तेव्हा ऑर्डर ०.००९ ची दिसते, पण खात्यात त्याहून किंचित कमी जमा होते. म्हणून फीच्या आकड्याशेजारी ‘Fee Currency’ किंवा तशा नावाचा रकाना असेल तर तो आधी पाहावा. फी ‘0.000045’ अशी दिसली, तर ते पैसे नसून बिटकॉइन आहे.

तिसरी ओळ सर्वांत जास्त गैरसमज करणारी. मार्चमध्ये यातला ०.००४ बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटवर पाठवला. एक्स्चेंजने नेटवर्क फी म्हणून ०.०००२ बिटकॉइन घेतला आणि वॉलेटवर ०.००३८ पोहोचला. पन्नास लाखांच्या भावाने ही फी हजार रुपये होते, म्हणजे खरेदीच्या फीच्या चौपट. ‘0.0002’ हा आकडा इतका इवलासा दिसतो की तो पैशांत किती होतो हे बघायचे राहूनच जाते. उताऱ्यात कॉइनमधल्या प्रत्येक फीला त्या दिवसाच्या भावाने गुणून शेजारी रुपयांत लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

हजार रुपये नेटवर्कनेच घेतले का? ते तपासता येते. कॉइन बाहेर पाठवलेल्या ओळीत TXID नावाचा लांबलचक क्रमांक असतो. mempool.space सारख्या सार्वजनिक स्थळावर तो टाकला की बिटकॉइनच्या साखळीतली तीच नोंद उघडते आणि मायनरला प्रत्यक्षात किती फी गेली ते दिसते. ही फी पाठवलेल्या रकमेवर ठरत नाही. व्यवहाराची नोंद साखळीत किती जागा घेते आणि त्या घडीला किती गर्दी आहे, यावर ती ठरते. साधा व्यवहार साधारण १४० व्हर्च्युअल बाइटचा असतो. दर बाइटमागे १० सॅटोशी असा भाव चालू असेल, तर १,४०० सॅटोशी, म्हणजे ०.००००१४ बिटकॉइन, आपल्या भावाने ७० रुपये. शिवाय एक्स्चेंज अनेकदा बऱ्याच ग्राहकांची पाठवणी एकाच व्यवहारात बांधते, तेव्हा माणशी खर्च आणखी उतरतो. एक्स्चेंज आकारते ती ठरावीक रक्कम आणि नेटवर्कची खरी फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधला फरक एक्स्चेंजकडे राहतो. गर्दीच्या दिवशी उलटही घडते, खरी फी ठरावीक रकमेच्या वर जाते. पण उताऱ्यातल्या ‘नेटवर्क फी’ या शब्दांवरून सगळी रक्कम नेटवर्कला गेली असे समजू नये. फी रकमेवर अवलंबून नसल्यामुळे थोडे थोडे चार वेळा पाठवणे हे एकदाच पाठवण्यापेक्षा चौपट महाग पडते, हेही याच ओळीवरून कळते.

आता कॉइनच्या हिशेबात ०.००५ उरला. ०.००३८ वॉलेटवर, ०.०००२ फीत, ०.००५ खात्यात, बेरीज ०.००९. ताळा बसला. स्वतःच्याच वॉलेटवर पाठवणे ही विक्री नव्हे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. कराचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही फाईल टाकली, तर बाहेर गेलेला ०.००४ कधीकधी विकल्यासारखा धरला जातो. पुढे तोच कॉइन दुसऱ्या एक्स्चेंजवर आणला, तर तिथे तो फुकट मिळाल्यासारखा शून्य खरेदी किमतीने नोंदला जातो आणि न झालेल्या नफ्यावर कर निघतो. अशा प्रत्येक ओळीपुढे ‘स्वतःकडे पाठवले’ असे हाताने लिहावे लागते.

मग विक्री. भाव चढला आणि खात्यातला ०.००५ विकायला लावला. ऑर्डर एक, पण फाईलमध्ये ओळी दोन, कारण समोर एवढे घेणारा एकच ग्राहक नव्हता. पहिली ओळ अशी होती:

```
2025-03-31 20:30:11,SELL,BTC/INR,0.003,5500000,16500,82.50,14.85,164.03
```

डावीकडून वेळ, व्यवहार, जोडी, मात्रा, भाव, किंमत, मग फी, जीएसटी आणि शेवटी टीडीएस. दुसऱ्या ओळीत ०.००२ बिटकॉइन ५४,९०,००० च्या भावाने गेला, किंमत १०,९८०. दोन्ही मिळून २७,४८० रुपये. त्यातून फी १३७.४० आणि जीएसटी २४.७३ गेला. उरलेल्या २७,३१७.८७ वर एक टक्का टीडीएस, २७३.१८. खात्यात जमा झाले २७,०४४.६९. टीडीएस फी आणि जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर कापायचा, असे प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून २०२२ च्या परिपत्रकात आहे. हा टीडीएस खर्चात धरू नये. तो तुमच्या नावावर सरकारकडे जमा झालेला कर आहे आणि आयकर पोर्टलवर २६एएसमध्ये दिसायला हवा. उताऱ्यात कापलेला दिसतो पण तिथे काही महिने उलटूनही दिसत नाही, तर एक्स्चेंजकडे लेखी विचारणा करावी.

वरच्या ओळीत आणखी एक खोच आहे, वेळेची. पुष्कळ एक्स्चेंजच्या फायली यूटीसी वेळेत असतात आणि आपले घड्याळ त्यापुढे साडेपाच तास आहे. ३१ मार्चची २०:३० म्हणजे भारतात १ एप्रिलची पहाट, दोन वाजता. फाईल वरवर वाचणारा हा नफा २०२४-२५ मध्ये धरेल, प्रत्यक्षात तो २०२५-२६ चा आहे. फाईलच्या शीर्षकात UTC लिहिलेले आहे का, ते पाहावे. लिहिलेले नसेल, तर रुपये जमा झाल्याच्या ओळीची वेळ बँकेच्या संदेशाशी ताडून बघावी. फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला की उत्तर मिळाले.

शेवटची ओळ बँकेत पैसे काढल्याची. ३१,००० काढले, ११.८० रुपये शुल्क जीएसटीसह कापून बँकेत ३०,९८८.२० आले. ‘Completed’ असे दिसत असूनही बँकेत पैसे नसतील, तर यूटीआर क्रमांक आहे का ते पाहावे. तो असेल तर चौकशी बँकेकडे करता येते, नसेल तर पैसे बहुधा एक्स्चेंजकडून निघालेलेच नाहीत. व्यवहार फसून पैसे परत आले, तर काही उताऱ्यांत ते नव्याने जमा झाल्यासारखे दिसतात. ती जमा आणि आधीची उचल दोन्ही हिशेबातून वगळावी, नाहीतर आपण भरलेली रक्कम फुगते.

रुपयांचा ताळा असा: ५०,००० आले, ४५,२६५.५० गेले, २७,०४४.६९ आले, ३१,००० गेले. शिल्लक ७७९.१९, आणि पडद्यावरही तीच हवी. एकोणीस हजारांपैकी बहुतेक पैसे बुडाले नव्हते, ते ०.००३८ बिटकॉइनच्या रूपात वॉलेटवर होते.

आता नफा. विकलेल्या ०.००५ ची खरेदी किंमत २५,०००, विक्री २७,४८०, फरक २,४८०. विक्रीची फी आणि खरेदीच्या फीतला या हिश्श्याचा वाटा काढला, तर हाती पडलेला नफा सुमारे २,१७० रुपये. पण २०२२ पासून लागू असलेल्या नियमानुसार क्रिप्टोच्या नफ्यातून खरेदी किमतीशिवाय कोणताही खर्च वजा होत नाही, त्यामुळे ३० टक्के कर २,४८० वर लागतो. सेससह तो ७७४ रुपये होतो आणि त्यातून कापलेला २७३ चा टीडीएस वजा होतो. खरेदीची फी खरेदी किमतीत धरायची की नाही, हा प्रश्न सीएला विचारून ठरवावा, इथे ती धरलेली नाही. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. बिटकॉइन देऊन दुसरा कॉइन घेतला, तर तीही विक्रीच ठरते, रुपयाला हात न लागता. त्यामुळे वर्षाअखेरची एक बेरीज पुरत नाही, प्रत्येक विक्रीची ओळ स्वतंत्रपणे मांडावी लागते.

माझे मत असे की, छोट्या रकमेने सतत उलाढाल करणाऱ्याला भावापेक्षा या फीच खातात, आणि ते फक्त उताऱ्यातच दिसते. तेव्हा एक्स्चेंजच्या पडद्यावर अवलंबून न राहता दर महिन्याला पूर्ण फाईल उतरवून घ्या. ट्रेड, कॉइनची ये-जा आणि रुपयांची ये-जा यांचे अहवाल बऱ्याच ठिकाणी वेगवेगळे असतात, ते तिन्ही घ्या. रुपये आणि प्रत्येक कॉइन यांची शिल्लक पडद्याशी जुळवा. जुळत नसेल तर त्याच आठवड्यात व्यवहार क्रमांकासह एक्स्चेंजला लिहा.